बासष्ट टक्के कशाचे?

काही वर्षांपूर्वी आरोग्य कार्यकर्त्यांच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेसाठी मी एका शोधनिबंधाचा सारांश मराठीत लिहिला. त्याचे पहिलेच वाक्य होते : ‘गडचिरोलीत घरोघरी सेवा दिल्याने बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले.’ वाक्य सुटसुटीत होते, लक्षात राहणारे होते, आणि त्यातला आकडा मूळ निबंधात छापलेलाच होता. तरीही ते वाक्य चूक होते, आणि एकाच ठिकाणी नव्हे, तीन ठिकाणी. ‘बालमृत्यू’ हा शब्द चुकला होता, ‘६२ टक्क्यांनी कमी’ म्हणजे कशाच्या तुलनेत कमी हे सुटले होते, आणि ‘गडचिरोलीत’ म्हणताना ३९ गावांचा अख्खा जिल्हा झाला होता. लांबलचक इंग्रजी शोधनिबंध पीडीएफच्या रूपात समोर येतो, त्याचे दोन पानांत सार काढायचे असते, आणि ते करताना विभागांची रचना, महत्त्वाचे आकडे आणि संदर्भ शाबूत ठेवायचे असतात. हे काम आज मराठीत पत्रकार, शिक्षक, स्वयंसेवी संस्थांतली मंडळी, पीएच.डी.चे विद्यार्थी असे कितीतरी जण करतात. त्या कामाचा आढावा घेताना मी तोच निबंध पुन्हा समोर ठेवतो आहे, कारण सारांशात काय काय निसटते हे त्याने मला शिकवले.

निबंध अभय बंग, राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. डिसेंबर १९९९मध्ये तो ‘द लॅन्सेट’च्या ३५४व्या खंडात, पृष्ठ १९५५ ते १९६१ वर आला. पाने सातच, पण दोन स्तंभांत बारीक टायपात दाटून भरलेली. प्रश्न असा होता : रुग्णालय दूर आणि महाग असलेल्या खेड्यांत बाळाला जन्मानंतरचे पहिले २८ दिवस घरीच सांभाळता येईल का? जंतुसंसर्ग झाला तर उपचारही घरीच करता येतील का? ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे फक्त जन्म-मृत्यूंची नोंद केली आणि १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत सेवा दिली. आज आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटीला जाते, तो कार्यक्रम देशभर २०११मध्ये सुरू झाला. त्याच्या मागे जो पुरावा होता त्यात हा निबंध अगदी अग्रभागी आहे.

सारांशाचे काम मात्र निबंध वाचण्याच्याही आधी, पीडीएफ उघडतानाच सुरू होते. पीडीएफ हा कागदाचा नकाशा असतो. कोणते अक्षर पानावर नेमके कुठे बसवायचे एवढेच त्यात पक्के लिहिलेले असते. कोणते वाक्य कुठे संपते, तक्त्यातला कोणता आकडा कोणत्या रकान्याखाली येतो, हे बहुतेक फायलींत कुठेही नोंदलेले नसते. म्हणून मजकूर माऊसने उचलून दुसरीकडे टाकला की डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभाच्या ओळीला चिकटते, तळटीप परिच्छेदाच्या मध्ये घुसते, आणि तक्ता म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब माळ होऊन बसते. मी मजकूर आणि तक्ते वेगवेगळे काढतो. मजकुरासाठी साधी आज्ञा पुरते, तक्त्याच्या पानासाठी मांडणी राखणारी आज्ञा लागते, आणि आलेखाच्या पानाचे सरळ चित्रच काढून ठेवावे लागते :

```
pdftotext paper.pdf prose.txt
pdftotext -layout -f 4 -l 4 paper.pdf table.txt
pdftoppm -r 300 -f 4 -l 4 -png paper.pdf page
```

मधल्या आज्ञेतला `-layout` हा भाग तक्त्याचे रकाने जागच्या जागी ठेवतो, पण दोन स्तंभांच्या मजकुराला तोच घातक ठरतो, कारण तो दोन्ही स्तंभ शेजारी-शेजारी उतरवतो आणि ओळी एकमेकींत मिसळतात. `-f` आणि `-l` म्हणजे पहिले आणि शेवटचे पान. इथे फक्त चौथे. शेवटची आज्ञा पानाचे स्पष्ट चित्र करून देते. पीडीएफमधून चित्रे बाहेर काढणारी इतर साधने फक्त छायाचित्रासारखी बसवलेली चित्रे काढतात. रेषांनी आखलेला आलेख त्यांना दिसतच नाही, आणि तो निबंधात नव्हताच असा आपला समज होतो.

‘लॅन्सेट’ची आणखी दोन वैशिष्ट्ये सारांश करणाऱ्याला आधी ठाऊक असलेली बरी. तिथे दशांशचिन्ह ओळीच्या तळाशी नसते, मध्यभागी असते. २५·५ असे. पान स्कॅन केलेले असेल आणि संगणकाने अक्षरे ओळखून मजकूर तयार केला असेल, तर हा मधला ठिपका गळून २५·५चे २५५ होऊ शकते. दुसरे म्हणजे संदर्भांचे क्रमांक शब्दाच्या डोक्यावर बारीक अंकांत असतात. मजकूर साधा केला की ते अंक खाली उतरतात आणि जवळच्या आकड्याला जोडले जातात. ६२ या आकड्यावर ३ हा संदर्भ-क्रमांक असला तर हातात ६२३ येते. हजार जन्मांमागे ६२३ मृत्यू हे कुणालाही खटकेल. पण ६वर १ असला तर ६१ होते, आणि ते खटकत नाही. म्हणून काढलेल्या मजकुरातून आकडा सारांशात थेट उचलायचा नाही, प्रत्येक आकडा पानाच्या मूळ प्रतिमेवर डोळ्यांनी पाहायचा, हा नियम मी मोडत नाही. मराठी शासकीय अहवालांच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे असते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत केलेल्या पीडीएफमधून उचललेला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रांगेसारखा येतो. तिथे पान वाचून टंकण्यावाचून गत्यंतर नसते.

आता विभागांकडे येतो. बहुतेक वैद्यकीय निबंधांत प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती आणि चर्चा हे चार भाग असतात. सारांशात ही रचना राखायची ती शिस्तीपोटी नव्हे. वाक्य कोणत्या भागातून आले त्यावर त्याचे वजन ठरते. प्रस्तावनेतले वाक्य बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचे असते. पद्धतीतले वाक्य काय केले ते सांगते. निष्पत्तीतले वाक्य मोजून पाहिलेले असते. चर्चेतले वाक्य हे लेखकांचे मत असते, त्यात आशा असते, सावधपणा असतो, कधी धोरणकर्त्यांना केलेले आवाहनही असते. चारही भागांचा रस काढून एकच सलग परिच्छेद केला की मोजलेली गोष्ट आणि मानलेली गोष्ट एकाच सुरात बोलू लागतात.

इथे मराठीची एक खास अडचण आहे. आपण ‘निष्कर्ष’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो, प्रयोगात जे आढळले त्यालाही आणि त्यावरून जे अनुमान काढले त्यालाही. त्यामुळे विभागांची नावे देतानाच दोन विभाग एक होऊन जातात. मी आढळले त्याला ‘निष्पत्ती’ म्हणतो, अनुमानाला ‘अन्वयार्थ’ म्हणतो, आणि ‘निष्कर्ष’ हा शब्द सारांशात येऊच देत नाही. गडचिरोलीच्या निबंधात हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पाहा. गोषवाऱ्याच्या निष्पत्तीत नवजात मृत्युदरातली निव्वळ घट ६२.२ टक्के आणि अर्भक मृत्युदरातली ४५.७ टक्के दिली आहे. लगेच खाली अन्वयार्थात मात्र नवजात आणि अर्भक मृत्युदर सुमारे ५० टक्क्यांनी घटल्याचे म्हटले आहे. यात विसंगती नाही. पहिले मोजमाप आहे, दुसरे लेखकांनी दोन्ही आकडे एकत्र धरून, सावधपणे, गोल करून केलेले विधान आहे. सारांशात दोन्ही आले तर वाचकाला कळले पाहिजे की कोणते कुठले आहे. विभागाचे नाव तेच काम करते.

पद्धतीचा भाग सारांशात सगळ्यात आधी कापला जातो, कारण तो रुक्ष वाटतो. माझ्या हिशेबात त्याला सारांशाचा निदान चौथा हिस्सा मिळायला हवा. पाचशे शब्दांचा सारांश असेल तर सव्वाशे शब्द पद्धतीला, दोनशे निष्पत्तीला, उरलेल्यात प्रस्तावना, चर्चा आणि संदर्भ. पद्धतीविषयी गडचिरोलीच्या बाबतीत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. पहिली : गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. हा क्षेत्रीय प्रयोग होता, यादृच्छिक नव्हता. दुसरी, जी निबंधाच्या प्रस्तावनेतच येते : लेखकांनी आधीच ठरवले होते की तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी घटावा. आकडे हातात आल्यावर ठरवलेले उद्दिष्ट आणि आधी ठरवलेले उद्दिष्ट यांत फरक असतो, म्हणून ही २५ची ओळ लहान असली तरी गाळता येत नाही. तिसरी : जन्म-मृत्यूंची नोंद सेवा देणाऱ्या आरोग्यदूतांनी केली नव्हती, ती वेगळ्या कार्यकर्त्यांनी केली होती, आणि ती दोन्ही प्रकारच्या गावांत. जिने बाळ सांभाळले तिनेच मृत्यू मोजला असता तर आकड्यांवर विश्वास ठेवणे अवघड गेले असते. पद्धत कापली की वाचकाला हे कधीच कळत नाही.

आणि आता ६२.२ हा आकडा. सारांशातला कोणताही टक्का चार गोष्टींसह उचलावा असे मी माझ्यापुरते ठरवले आहे : कशाचा, किती जणांत, कोणत्या काळात आणि कशाच्या तुलनेत. माझ्या जुन्या वाक्याला यातली पहिली गोष्टच चुकली होती. नवजात म्हणजे पहिले २८ दिवस, अर्भक म्हणजे पहिले वर्ष, आणि आरोग्याच्या भाषेत बालमृत्यू बहुधा पाच वर्षांपर्यंतचे धरतात. बोलण्यात आपण तिन्हींना बालमृत्यूच म्हणतो. निबंधात ६२.२ टक्के हा आकडा नवजात मृत्यूंचा आहे. वर्षभराच्या अर्भकांचा आकडा ४५.७ आहे. पाच वर्षांखालील मुलांचा दर या आकड्यांत नाहीच. एका सैल शब्दामुळे माझ्या सारांशाने निबंधाला न केलेला दावा करायला लावला.

‘कशाच्या तुलनेत’ हा भाग जास्त अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सेवा सुरू होण्याआधी ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते, तुलनेच्या ४७ गावांत ५८. तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला दर २५.५वर आला. आता ६२वरून २५.५ ही घट साध्या हिशेबाने ५८.९ टक्के होते. छापलेला आकडा ६२.२ आहे. कागदावर गणित करून पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटते की छपाईची चूक असावी. ती नाही. छापलेला आकडा ‘निव्वळ घट’ आहे, म्हणजे तुलनेच्या गावांत त्याच काळात जो बदल झाला तो हिशेबात धरून काढलेला आहे.

हे गणित पुढच्या निबंधात अधिक लख्ख दिसते. २००५मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’ने गडचिरोलीच्या प्रयोगावर एक पुरवणी अंक काढला, त्यात दहा वर्षांचे आकडे आले. तिथे ३९ गावांतला दर ६२वरून २५वर आलेला आहे आणि तुलनेच्या गावांतला ५८वरून ६४वर गेलेला आहे. आता तीन प्रकारे विचारता येते. त्याच गावांत आधीच्या मानाने किती घट? ६२तून ३७ गेले, म्हणजे ५९.७ टक्के. अखेरीस शेजारच्या गावांच्या मानाने किती कमी? ६४च्या जागी २५, म्हणजे ६०.९ टक्के. आणि निव्वळ घट किती? इथे ५९.७ टक्क्यांची घट आणि तिकडे १०.३ टक्क्यांची वाढ, दोन्ही मिळून ७० टक्के. निबंधात ७० टक्केच छापले आहे, सोबत ९५ टक्के विश्वास-मर्यादा ५९ ते ८१. हजार जन्मांमागच्या मृत्यूंत सांगायचे तर निबंध ४४ची घट म्हणतो आणि माझ्या बेरजेत ३७ अधिक ६ म्हणजे ४३ येतात. हा एकाचा फरक छापलेले दर पूर्णांकात आणल्यामुळे पडतो. असा फरक दिसला तर सारांशात छापलेलाच आकडा द्यायचा, आपला नाही. पण गणित करायचे जरूर, कारण त्यातूनच कळते की हा टक्का कोणत्या जातीचा आहे.

तेव्हा ५९, ६०, ६२ आणि ७० हे चारही आकडे गडचिरोलीविषयी प्रामाणिकपणे लिहिता येतात, आणि चारही चुकीच्या ठिकाणी बसवता येतात. वरचे ७० टक्के १९९९च्या निबंधाच्या नावावर घातलेले किंवा ६२ टक्क्यांना ‘दहा वर्षांत’ हे शेपूट जोडलेले लेखन तपासताना, चूक लगेच ओळखायची खूण एकच : आकड्याजवळ साल आणि तुलना दोन्ही आहेत का. नसतील तर मूळ पान उघडावे.

‘किती जणांत’ याचे उदाहरणही याच निबंधात आहे. नवजात बाळाला सेप्सिस, म्हणजे रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात पसरलेला जंतुसंसर्ग झाला, तर त्यातले किती दगावतात याचा दर उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के होता, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के झाला. सारांशात हे ‘सहापट घट’ म्हणून उठून दिसते. पण कंसात दिलेल्या संख्या पाहिल्या पाहिजेत. आधीची बाळे १६३, नंतरची ७१. म्हणजे १६३पैकी २७ मृत्यू आणि ७१पैकी २. दोनाचे तीन झाले असते तर २.८चे ४.२ टक्के झाले असते. फरक तरीही मोठाच राहिला असता, आणि लेखकांनी तो सांख्यिकीय कसोटीवर पारखलेलाही आहे. पण लहान संख्येवर उभा असलेला टक्का वाचकाने लहान संख्येसकट पाहावा. शिवाय ही तुलना आधी आणि नंतरची आहे, ३९ गावांची ४७ गावांशी केलेली नाही. वरच्या ६२.२ची तुलना एका प्रकारची आणि हिची दुसऱ्या प्रकारची. दोन्ही आकडे एका वाक्यात ‘आणि’ने जोडले की हा फरक पुसला जातो. त्यामुळे मी त्यांना दोन स्वतंत्र वाक्ये देतो.

माझ्या पुस्तिकेतली सर्वांत लाजिरवाणी चूक मात्र एका शब्दाची होती. निबंधात म्हटले आहे की १९९७-९८मध्ये सेवा दिलेल्या दर १८ नवजातांमागे एक मृत्यू टळला, आणि सेवेचा खर्च बाळामागे ५.३ डॉलर आला. मी लिहिले : ‘दर १८ बाळांमागे एक बाळ वाचले.’ पुस्तिका छापायला जाण्याआधी प्रसूतिगृहात आयुष्य काढलेल्या एका ज्येष्ठ परिचारिकेला वाचायला दिली होती. तिने त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “भाऊ, यात मृत जन्मलेली धरलीत की नाही? आमच्याकडे ती वेगळी लिहितात.” मी मूळ पान उघडले. टळलेला मृत्यू गर्भाचा किंवा नवजाताचा, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे जन्माआधीचे मृत्यूही त्या एकात सामील होते. माझ्या वाक्यात ते गडप झाले होते. ‘किंवा’, ‘पैकी’, ‘किमान’, ‘सुमारे’, ‘तिसऱ्या वर्षी’ हे शब्द सारांश करताना हात आधी कापतो, कारण ते वाक्याला अडखळवतात. तेव्हापासून मी मूळ निबंधात असे शब्द पिवळ्या रंगाने आणि आकडे हिरव्या रंगाने रंगवतो. सारांश झाला की हिरव्या प्रत्येक खुणेशेजारची पिवळी खूण आली का ते पाहतो.

आकृत्या आणि आलेखांबद्दल थोडक्यात. दोन पानांच्या सारांशात सगळे आलेख येत नाहीत, येऊही नयेत. एक निवडायचा, जो मुख्य प्रश्नाचे उत्तर देतो तो. तो चित्र म्हणून घेता येत नसेल तर शब्दांत द्यावा : आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय आणि कोणत्या एककात, उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही, किती रेषा आहेत, आणि त्या कुठे एकमेकींपासून दूर जाऊ लागतात. मूळ आकृतीचा क्रमांक बदलू नये. सारांशात ती एकच आकृती असली तरी तिला ‘आकृती १’ असे नवे नाव दिले की वाचक मूळ निबंधात चुकीच्या आकृतीकडे जातो. तक्त्यांचेही तसेच.

संदर्भांची गोष्ट मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही. निबंधातले संदर्भ सारांशात का राखायचे हे समजून घ्यायला एक परदेशी प्रकरण पुरेसे आहे. जानेवारी १९८०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे एक पत्र आले. लांबी एका परिच्छेदाची, जेमतेम पाच वाक्ये. बोस्टनच्या एका औषध-निरीक्षण प्रकल्पातील रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. त्यांत अफूवर्गीय औषध निदान एकदा मिळालेले ११,८८२ रुग्ण होते. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांत व्यसन जडल्याची नीट नोंदलेली प्रकरणे फक्त चार सापडली. पत्राचा आवाका एवढाच होता. पुढे या पत्राचा हवाला ‘वेदनेसाठी अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांत व्यसन क्वचितच जडते’ यासाठी दिला जाऊ लागला, आणि रुग्णालयातल्या रुग्णांचा उल्लेख वाटेतच गळाला. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या रुग्णांनाही तेच वाक्य लागू झाले. २०१७मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणात या पत्राचे ६०८ हवाले तपासले. त्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक ठिकाणी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि सुमारे ८१ टक्के ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात होते याचा उल्लेखच नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या अफूवर्गीय औषधांच्या संकटाला या गळतीने हातभार लावला, असे ते विश्लेषण म्हणते. मूळ पत्र उघडून पाहायला दोन मिनिटे लागली असती.

म्हणून सारांशात संदर्भ तीन प्रकारे वेगळे ठेवावे लागतात. निबंधाने स्वतः मोजलेली गोष्ट असेल तर तिच्यापुढे निबंधाचा पृष्ठ-क्रमांक. निबंधाने दुसऱ्याच्या कामाचा हवाला देऊन सांगितलेली गोष्ट असेल तर त्या दुसऱ्या लेखकाचे नाव, साल आणि निबंधातला संदर्भ-क्रमांक, आणि ‘यांच्या आधारे’ हे शब्द. उदाहरणार्थ, घरी होणाऱ्या बाळंतपणांविषयी प्रस्तावनेतले एखादे विधान बंग आणि सहकाऱ्यांच्या नावावर टाकले, तर न मोजलेल्या गोष्टीचे श्रेय आणि जबाबदारी दोन्ही त्यांच्या माथी येतात. तिसरा प्रकार म्हणजे सारांश करणाऱ्याने स्वतः घातलेली भर, जसा वर मी २००५चा निबंध आणला. ती चौकटी कंसात ठेवावी, नाहीतर १९९९च्या निबंधाने २००५चे आकडे सांगितल्यासारखे दिसते. सारांशाच्या शेवटी फक्त टिकलेलेच संदर्भ द्यावेत, पण त्यांचे मूळ क्रमांक तसेच ठेवावेत. यादी ३, ११, १९ अशी तुटक दिसली तरी चालेल. त्या तुटकपणामुळेच वाचक मूळ यादीत बोट ठेवू शकतो.

या सगळ्यानंतर मी पुस्तिकेचा तो सारांश नव्याने लिहिला. त्याचा गाभा असा झाला :

प्रस्तावना. विकसनशील देशांतल्या बहुतेक नवजातांना रुग्णालय दूर आणि महाग असल्याने सेवा मिळत नाही. घरच्या घरी सेवा दिल्याने तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी घटेल, हे गृहीतक आधी मांडले होते.

पद्धत. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत सेवा, ४७ गावे तुलनेसाठी. वाटणी यादृच्छिक नाही. १९९३-९५ केवळ नोंद, १९९५-९८ सेवा. प्रशिक्षित आरोग्यदूतांच्या घरभेटी, जन्मतः गुदमरणे, कमी वजन, अंग थंड पडणे, स्तनपानाच्या अडचणी आणि सेप्सिस यांवर उपाय, दाईंची मदत, दर पंधरवड्याला देखरेख. जन्म-मृत्यूंची नोंद वेगळ्या कार्यकर्त्यांकडून, दोन्ही भागांत.

निष्पत्ती. सुरुवातीचा नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ (सेवेची गावे) आणि ५८ (तुलनेची गावे). तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत २५.५, तुलनेच्या गावांतला बदल धरून निव्वळ घट ६२.२ टक्के. त्याच रीतीने अर्भक मृत्युदर ३८.८ (४५.७ टक्के घट), जन्माच्या आसपासचा मृत्युदर ४७.८ (७१ टक्के घट). सेप्सिस झालेल्यांतील मृत्यू उपचारांआधी १६.६ टक्के (१६३ बाळे), उपचारांनंतर २.८ टक्के (७१ बाळे). ही तुलना आधी-नंतरची. खर्च बाळामागे ५.३ डॉलर, १९९७-९८मध्ये दर १८ नवजातांमागे गर्भाचा किंवा नवजाताचा एक मृत्यू टळला.

अन्वयार्थ. लेखकांच्या मते ही सेवा लोकांना मान्य होणारी आणि करता येण्याजोगी आहे. कुपोषित, निरक्षर ग्रामीण लोकसंख्येत तिने नवजात व अर्भक मृत्युदर सुमारे ५० टक्क्यांनी घटवला.

हा मजकूर लिहिताना मी गोषवारा मुद्दाम झाकून ठेवला होता आणि शेवटी उघडला. अनेक जण उलट करतात, गोषवाऱ्याचेच भाषांतर करून त्याला सारांश म्हणतात. त्यात एक धोका आहे. १९९९मध्येच ‘जामा’ या नियतकालिकात एक तपासणी आली होती. सहा मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या निबंधांचे गोषवारे त्यांच्याच अंतरंगाशी पडताळून पाहिले, तर नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के गोषवाऱ्यांत असे काही सापडले जे आतल्या मजकुराशी जुळत नव्हते किंवा आत कुठे नव्हतेच. गोषवारा शेवटी घाईत लिहिला जातो, आकडे एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत जाताना बदलतात. म्हणून आतले तक्ते आधी, पद्धत नंतर, मग निष्पत्ती आणि चर्चा, आणि गोषवारा अखेरीस, केवळ पडताळ्यासाठी. जिथे गोषवारा आणि तक्ता जुळणार नाहीत तिथे तक्ता प्रमाण मानायचा आणि फरक सारांशात नोंदवायचा.

शेवटची तपासणी मी दुसऱ्याकडून करून घेतो, कारण स्वतःचा सारांश वाचताना डोळा मूळ निबंधातले गाळलेले शब्दही मनातून भरून काढतो. निबंध न वाचलेल्या माणसाच्या हातात सारांश आणि पीडीएफ दोन्ही द्यायचे, आणि सारांशातला प्रत्येक आकडा पीडीएफवर शोधून पेन्सिलीने गोल करायला सांगायचे. जो आकडा सापडत नाही किंवा वेगळ्या शब्दांशेजारी सापडतो, तिथे प्रश्नचिन्ह. गेल्या वेळी ती परिचारिकाच हे काम करत होती. साऱ्या सारांशात तिने एकच प्रश्नचिन्ह टाकले. मसुद्यात मी ‘९३ टक्के बाळांना सेवा मिळाली’ असे लिहिले होते, आणि तिने समासात विचारले होते : कोणत्या वर्षी? पानावर उत्तर होते, तिसऱ्या वर्षी. दोन शब्द वाढले आणि ओळ पुढच्या पानावर गेली.